लसीनंतर बाळाला ताप: पॅरासिटामॉल कधी द्यायचं, किती द्यायचं आणि आधीच का देऊ नये?

बाळ दीड महिन्याचं झालं की त्याला पहिल्यांदा पेंटाव्हॅलंट लस द्यायची वेळ येते. आदल्या दिवशी घरात आणि फॅमिली ग्रुपवर सल्ल्यांना ऊत येतो. कुणी म्हणतं, 'निघायच्या आधी अर्धा तास पॅरासिटामॉलचे थेंब पाजा, मग ताप येतच नाही.' कुणी म्हणतं, 'औषध अजिबात देऊ नका, लसीचा असर जातो.' शेजारच्या काकूंकडे अर्धी उरलेली सिरपची बाटली तयार असते.

या तिन्ही सल्ल्यांमध्ये थोडं थोडं तथ्य आहे आणि थोडी थोडी चूकही आहे. पॅरासिटामॉल हे लहान बाळांसाठी सुरक्षित औषध आहे, पण ते कोणत्या वेळी आणि किती दिलं यावर बरंच काही अवलंबून असतं. लसीआधी दिलेलं औषध आणि लसीनंतर ताप आल्यावर दिलेलं औषध यांचा परिणाम सारखा नसतो. तसंच थेंबांच्या बाटलीतलं औषध आणि सिरपच्या बाटलीतलं औषध हेही सारखं नसतं.

लसीनंतर ताप का येतो?

सरकारी लसीकरणात बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते. एकाच इंजेक्शनमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच आजारांपासून संरक्षण मिळतं. यातला डांग्या खोकल्याचा भाग हा ताप येण्याचं मुख्य कारण आहे.

सरकारी लसीत डांग्या खोकल्याचे संपूर्ण, पण मारलेले जिवाणू असतात. ते आजार करू शकत नाहीत. मात्र त्यांच्या आवरणातले घटक पाहून शरीराची प्रतिकारशक्ती जोरात कामाला लागते. पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत निरोप पोहोचवतात आणि अंग तापतं. हा ताप बहुतेक वेळा लस दिल्यानंतर काही तासांत सुरू होतो आणि एक ते दोन दिवसांत उतरतो. मांडीवर टोचलेल्या जागी लाली, सूज आणि दुखणंही याच काळात असतं.

खासगी दवाखान्यात 'पेनलेस' म्हणून जी लस मिळते, तिच्यात अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचे निवडक तुकडे असतात. त्यामुळे ताप आणि दुखणं कमी होतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

ताप आला म्हणजेच लस लागू पडली आणि ताप आला नाही म्हणजे लस वाया गेली, असं मात्र नसतं. अनेक बाळांना काहीच ताप येत नाही आणि तरीही त्यांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार होतात.

मग आधीच औषध दिलं तर काय बिघडतं?

या प्रश्नाचं उत्तर देणारा सर्वांत गाजलेला अभ्यास चेक प्रजासत्ताकात झाला. तो 2009 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात 459 तान्ह्या बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला लस दिल्याबरोबर पॅरासिटामॉल सुरू केलं आणि 24 तासांत दर सहा ते आठ तासांनी असे तीन डोस दिले. दुसऱ्या गटाला असं आधीपासून औषध दिलं नाही.

तापाच्या बाबतीत औषधाने काम केलं. औषध न घेतलेल्या गटात 66 टक्के बाळांना 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर औषध घेतलेल्या गटात 42 टक्के बाळांना आला. पण 39.5 अंशांच्या वर जाणारा मोठा ताप दोन्ही गटांत अगदी विरळ होता. म्हणजे औषधाने जो ताप टळला, तो बहुतेक करून साधाच ताप होता.

पुढे रक्त तपासल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. आधीपासून औषध घेतलेल्या बाळांमध्ये न्यूमोकोकस, हिब, घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या एका घटकाविरुद्धची प्रतिपिंडं तुलनेने कमी बनली होती. न्यूमोनिया रोखणारी न्यूमोकोकल लस आता आपल्याकडेही सरकारी लसीकरणात आहे, त्यामुळे हा निष्कर्ष इथल्या पालकांसाठीही कामाचा आहे.

नंतर पोलंडमध्ये झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेळेचा मुद्दा आणखी स्पष्ट केला. तिथे काही बाळांना लस देतानाच पॅरासिटामॉल सुरू केलं, तर काहींना सहा ते आठ तासांनी. लस देतानाच औषध सुरू केलेल्या गटात न्यूमोकोकसच्या काही प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडं कमी दिसली. उशिरा सुरू केलेल्या गटात तसं दिसलं नाही.

लस टोचल्यानंतरचे पहिले काही तास हे प्रतिकारशक्तीची लसीशी ओळख होण्याचे असतात. त्याच वेळी औषधाने हा प्रतिसाद मंदावला तर ओळख थोडी कच्ची राहत असावी, असा यामागचा तर्क आहे. ताप चढेपर्यंत ती सुरुवात होऊन गेलेली असते. म्हणूनच ताप आल्यावर दिलेल्या औषधाने लसीचा असर जातो, ही भीती बाळगायचं कारण नाही.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. चेक अभ्यासात प्रतिपिंडं कमी झाली, तरी बहुतेक बाळांमध्ये ती संरक्षणासाठी लागणाऱ्या पातळीच्या वरच होती. त्यामुळे मागच्या वेळी कुणी लसीआधी थेंब पाजले असतील तर घाबरून जाऊ नये. लस पुन्हा घ्यावी लागत नाही. पुढच्या वेळी फक्त थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये लसीकरणाच्या वेदनांविषयी जो सल्ला दिला, त्यात लसीआधी किंवा लस देताना तोंडावाटे वेदनाशामक देण्याची शिफारस केलेली नाही. त्याऐवजी बाळाला आईने धरणं आणि शक्य असेल तर टोचण्याआधी किंवा टोचताना अंगावर पाजणं, हे उपाय सुचवले आहेत.

ब्रिटनमधल्या नातेवाइकांना मात्र उलट सल्ला मिळतो, तो का?

लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून नेमकं उलट ऐकायला मिळतं. तिथल्या नर्स लस दिल्याबरोबर पॅरासिटामॉल द्यायला सांगतात. ही चूक नाही, कारण तिथली लस वेगळी आहे.

ब्रिटनने सप्टेंबर 2015 पासून तान्ह्या बाळांना मेनिन्जायटिस-बीची लस द्यायला सुरुवात केली. ही लस इतर लसींबरोबर दिली की ताप खूप जास्त प्रमाणात येतो. म्हणून या लसीच्या बाळपणीच्या पहिल्या दोन डोसांच्या वेळी, ताप येण्याची वाट न पाहता, लगेच एक आणि नंतर चार ते सहा तासांच्या अंतराने दोन, असे पॅरासिटामॉलचे तीन डोस द्यायला सांगितलं जातं. या लसीच्या बाबतीत आधी दिलेल्या औषधाने प्रतिपिंडं घटत नाहीत, हे अभ्यासांमध्ये तपासून मगच हा नियम केला गेला.

भारतातल्या सरकारी वेळापत्रकात ही लस नाही. त्यामुळे तिथला नियम इथे लावू नये आणि इथला तिथे लावू नये. आपल्या बाळाला कोणती लस मिळते आहे, त्यानुसार तिथल्या नर्सचं किंवा डॉक्टरांचं ऐकावं.

ताप मोजायचा कसा आणि औषध कधी द्यायचं?

कपाळाला हात लावून ताप 'वाटतो', पण तो किती आहे हे कळत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. काख कोरडी करून थर्मामीटरचं टोक काखेच्या मध्यभागी ठेवायचं, बाळाचा हात छातीशी धरून ठेवायचा आणि बीप वाजेपर्यंत थांबायचं. बाळ नुकतंच खूप रडलं असेल किंवा दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असेल, तर आधी थोडं मोकळं ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी मोजावं.

काखेत 99.5 फॅरनहाइट म्हणजे 37.5 सेल्सिअसच्या वर गेलं की ताप धरतात. पण आकडा दिसला की औषध, असा नियम नाही. औषध तापमापकासाठी नसतं, बाळाच्या त्रासासाठी असतं. अंग 100 आहे, पण बाळ दूध पितंय, हसतंय, झोपतंय, तर औषधाची गरज नाही. अंग 101 किंवा त्याहून जास्त आहे आणि बाळ किरकिर करतंय, मांडी दुखत असल्यामुळे पाय हलवू देत नाही, दूध सोडून देतंय, तर औषध जरूर द्यावं. त्यामुळे लसीचं नुकसान होत नाही आणि बाळाला उगाच त्रास सोसावा लागत नाही.

किती द्यायचं? आधी वजन, मग बाटली

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी दर किलो वजनामागे 10 ते 15 मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये साधारण सहा तास आणि काही झालं तरी चार तासांपेक्षा कमी अंतर नको. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. बाळाचं वजन लसीच्या दिवशीच केलेलं असतं आणि ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं.

आता बाटलीकडे वळू. आपल्याकडे दुकानात पॅरासिटामॉलच्या तीन तऱ्हेच्या बाटल्या सर्रास मिळतात. ड्रॉपर असलेल्या छोट्या बाटलीतल्या थेंबांमध्ये बहुतेक वेळा 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं. जास्त तीव्रतेच्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असतं. म्हणजे सर्वांत छोट्या बाटलीतलं औषध साध्या सिरपच्या चौपट तीव्र असतं.

उदाहरण म्हणून चौदा आठवड्यांचं, सहा किलो वजनाचं बाळ घेऊ. त्याचा एका वेळचा डोस 60 ते 90 मिलिग्रॅम. मधला, साधारण 70 मिलिग्रॅमचा डोस द्यायचा ठरवला तर:

- थेंब (1 मि.लि. मध्ये 100 मि.ग्रॅ.): 0.7 मि.लि.
- साधं सिरप (5 मि.लि. मध्ये 120 मि.ग्रॅ.): 3 मि.लि.
- जास्त तीव्रतेचं सिरप (5 मि.लि. मध्ये 250 मि.ग्रॅ.): 1.5 मि.लि.

बाळ तेच आणि औषधही तेच, पण माप तीन वेगळी. आता समजा, डॉक्टरांनी सिरपसाठी 'अडीच मि.लि. द्या' असं सांगितलं होतं आणि घरी थेंबांची बाटली होती. त्यातून अडीच मि.लि. दिलं तर बाळाला 250 मिलिग्रॅम मिळेल. किलोमागे 40 मिलिग्रॅमच्या वर. असे दिवसात चार डोस गेले तर 1,000 मिलिग्रॅम होतात, म्हणजे मर्यादेच्या जवळपास तिप्पट. याने यकृताला इजा होऊ शकते आणि पहिल्या दिवशी बाळाकडे पाहून ते कळत नाही. उलट चूकही होते. थेंबांचं 0.7 मि.लि. हे माप लक्षात ठेवून साधं सिरप 0.7 मि.लि. दिलं, तर जेमतेम 17 मिलिग्रॅम मिळेल. ताप उतरणार नाही आणि 'या औषधाने काही होत नाही' म्हणून दुसरं, जास्त जोरदार औषध आणलं जाईल.

म्हणून डोस विचारताना 'किती एमएल?' एवढंच विचारू नये. बाटली किंवा तिचा फोटो दाखवून 'या बाटलीतलं किती?' असं विचारावं. माप बाटलीसोबतच्या ड्रॉपरने, मापाच्या टोपणाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने घ्यावं. घरातला चमचा कधी तीन मि.लि.चा असतो, तर कधी सात. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीसाठी वापरू नये.

लसीकरणाच्या ठिकाणी काही वेळा 500 मिलिग्रॅमची गोळी देऊन तिचा पाव भाग पाण्यात किंवा दुधात विरघळवून द्यायला सांगतात. पाव गोळी म्हणजे 125 मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळासाठी हा डोस योग्य आहे. पण सहा किलोच्या बाळाला तो किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर जातो आणि साडेचार किलोच्या बाळाला जवळपास 28. शिवाय गोळीचे चार तुकडे कधीच सारखे होत नाहीत. अशा वेळी कार्डावरचं वजन दाखवून नर्सताईंना पुन्हा विचारावं आणि शक्य असेल तर थेंब घ्यावेत.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, तसंच अपुऱ्या दिवसांच्या किंवा खूप कमी वजनाच्या बाळासाठी डोस स्वतः ठरवू नये. लस घेऊन निघतानाच नर्सताई किंवा डॉक्टरांकडून तो कार्डावर लिहून घ्यावा.

लसीनंतरची एक रात्र

वरच्याच सहा किलोच्या बाळाचा दिवस कसा जाऊ शकतो, ते पाहू. सकाळी अकरा वाजता अंगणवाडीत लस झाली. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीवर, न्यूमोकोकल उजव्या मांडीवर आणि पोलिओचं छोटं इंजेक्शन उजव्या दंडावर. आईने बाळाला तिथेच पाजलं आणि अर्धा तास थांबून ती घरी आली. कोणतंही औषध दिलं नाही.

संध्याकाळी पाचला बाळ किरकिरं झालं. काखेत 99.8. दूध पितंय. औषध नाही, फक्त अंगावर सुती झबलं ठेवून बाकीचे कपडे काढले.

रात्री साडेआठला 101.6. रडणं वाढलं, डावा पाय हलवला की कळवळतं. थेंब 0.7 मि.लि. दिले आणि वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवली. औषधाचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो. साडेनऊला अंग 100.2 वर आलं आणि बाळ झोपलं. औषधाने ताप एक-दोन अंश उतरला आणि बाळ शांत झालं, तर औषधाने आपलं काम केलं. आकडा 98.6 वर आलाच पाहिजे म्हणून पुन्हा डोस देण्याची गरज नसते.

मध्यरात्री एकला अंग गरम लागलं, 100.8. पण बाळ शांत झोपलेलं, श्वास नेहमीसारखा. औषधासाठी उठवलं नाही. पहाटे साडेतीनला रडत उठलं, 101.4. पहिल्या डोसाला सात तास झाले होते, म्हणून दुसरा डोस दिला. सकाळी 99.4. दुपारी पुन्हा 100.6, पण बाळ खेळत होतं, म्हणून काही दिलं नाही. त्या रात्री ताप आलाच नाही. दोन डोसांत काम झालं.

वेळ लिहून ठेवण्याला महत्त्व आहे. रात्री आईने औषध दिलेलं असतं आणि पहाटे आजी तिला झोपू द्यावं म्हणून स्वतःच पुन्हा देते. असे दोन डोस दोन तासांच्या अंतराने जातात. औषध देण्याचं काम घरात एकाच माणसाकडे असावं किंवा वेळ सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहावी. बाळाने डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकून टाकलं तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. त्यानंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावं.

मधल्या काळात बाळाला वरचेवर अंगावर पाजावं. घाम यावा म्हणून गोधडीत गुंडाळू नये, कारण त्याने अंग आणखी तापतं. गार पाण्याने किंवा बर्फाने अंग पुसू नये. त्याने बाळ कुडकुडतं आणि कुडकुडण्याने शरीर आतून आणखी तापतं. स्पिरिट किंवा कोलन वॉटर अजिबात नको. टोचलेल्या जागी ओला, स्वच्छ, गारसर कपडा ठेवता येतो. मात्र ती जागा चोळू नये, तिथे तेल किंवा हळदीचा लेप लावू नये.

इतर औषधं चालतील का?

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नये. अ‍ॅस्पिरिन मुलांना तापासाठी देत नाहीत, कारण त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात 2011 पासून बंद आहे, तरी मोठ्या माणसांसाठी आणलेलं हे औषध घरात असू शकतं. सर्दी-तापाच्या मिश्र सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. ते आणि थेंब दोन्ही दिले तर डोस नकळत दुप्पट होतो. लसीच्या तापाला अँटिबायोटिकही लागत नाही.

गोवर-रुबेलाचा ताप उशिरा येतो

नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस मिळते. या लसीत मारलेला जिवाणू नसून कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि मग प्रतिकारशक्ती जागी होते. म्हणून या लसीचा ताप त्याच रात्री नाही, तर साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो. कधी अंगावर बारीक पुरळही दिसतं. लसीच्या दिवशी या तापासाठी औषध देण्यात काही अर्थ नसतो.

दीड वर्षाच्या भेटीत गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाबरोबर त्रिगुणी लसीचा बूस्टरही असतो. त्यामुळे दोनदा ताप येऊ शकतो, एकदा पहिल्या रात्री आणि एकदा आठवड्याने. दुसऱ्या तापाच्या वेळी लस झाल्याचं अनेक घरांत विसरायला झालेलं असतं. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर लसीची तारीख सांगावी आणि कार्ड सोबत न्यावं.

पॅरासिटामॉल दिलं तर तापातली आकडी टळते का?

नाही. साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना ताप चढताना आकडी येते. पाहायला ती भयंकर वाटते, पण ती बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यामुळे आकडीच्या भीतीने लसीआधी औषध पाजण्याचाही उपयोग नाही. मुलाला आधी आकडी येऊन गेली असेल तर लसीआधी डॉक्टरांशी बोलावं.

आकडी आलीच तर मुलाला कुशीवर झोपवावं, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

घरी थांबायचं नाही, अशा वेळा

लसीचा ताप आणि खऱ्या आजाराचा ताप सुरुवातीला सारखाच दिसतो. फरक बाळाच्या वागण्यात आणि वेळेत असतो. पुढचं काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्यावं:

- बाळ दूध ओढत नाही, खूप सुस्त आहे किंवा उठवूनही उठत नाही.
- अंग अचानक पांढरं-निळसर पडून ढिलं पडलं. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर काही तासांत क्वचित असं होतं. बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात, पण लगेच दाखवायलाच हवं.
- तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडतंय आणि कशानेच शांत होत नाही.
- श्वास जलद चालतोय, छाती आत ओढली जातेय किंवा टाळू फुगलेली दिसतेय.
- ताप 104 च्या वर गेला किंवा पेंटाव्हॅलंटनंतर दोन दिवस उलटूनही टिकून आहे.
- टोचलेल्या जागेची सूज दोन-तीन दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढतेय किंवा तिथे पू धरलाय.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. इतक्या लहान वयात 100.4 चा ताप एखाद्या लपलेल्या जंतुसंसर्गाचाही असू शकतो. लसीनंतर पहिल्या दोन दिवसांत, बाळ नीट दूध पीत असताना आलेला ताप बहुधा लसीचाच असतो. तरी डॉक्टरांना फोन करून विचारावं. ताप 102 च्या वर असेल, दोन दिवसांनंतर सुरू झाला असेल किंवा बाळ नेहमीसारखं वाटत नसेल, तर फोनवर न थांबता प्रत्यक्ष दाखवावं.

लस टोचल्यानंतर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणं, चेहरा सुजणं किंवा श्वास घ्यायला त्रास होणं ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणं असतात. असं फार क्वचित होतं, पण केंद्रावर अर्धा तास थांबायला सांगतात ते यासाठीच. त्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो, तिथल्या तिथे इंजेक्शन द्यावं लागतं.

ताप आला म्हणून पुढचा डोस टाळावा का?

पहिल्या डोसाला 102 ताप आला, रात्र जागून काढावी लागली, म्हणून दहा आठवड्यांचा डोस 'राहू दे' असं घरात ठरतं. डांग्या खोकला मात्र सर्वांत जास्त जिवावर बेततो तो याच वयात. एका डोसाने मिळणारं संरक्षण अपुरं असतं. दुसरा आणि तिसरा डोस झाल्यावरच ते भक्कम होतं. साधा ताप, किरकिर किंवा मांडीवरची सूज हे पुढचा डोस थांबवण्याचं कारण नाही.

मागच्या वेळी आकडी आली, बाळ ढिलं पडलं, खूप वेळ रडत राहिलं किंवा तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर मात्र पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना विचारावं. आशा ताई किंवा नर्सताईंनाही ते सांगावं, म्हणजे त्याची नोंद होते आणि पुढे कोणती लस कशी द्यायची हे ठरवता येतं. बाकी सगळ्यांनी ठरलेल्या तारखेला जावं. सोबत कार्ड न्यावं आणि घरात असलेल्या पॅरासिटामॉलच्या बाटलीचा फोटोही. त्या दिवशी वजन झालं की, 'ताप आला तर या बाटलीतलं किती?' हे तिथेच विचारून कार्डावर लिहून घ्यावं.